एकच सूत्र, तीन आकार: CF₄, SF₄ आणि XeF₄ यांच्या वाटेने रासायनिक बंधांची उजळणी

फळ्यावर तीन सूत्रं लिहिली आहेत: CF₄, SF₄ आणि XeF₄. तिन्हींमध्ये मधे एक अणू आणि त्याला जोडलेले चार फ्लोरीन. नुसतं सूत्र पाहिलं तर तिघं सख्खी भावंडं वाटतात. पण CF₄ चतुष्फलकीय आहे, XeF₄ ताटासारखा सपाट चौरस आहे, आणि SF₄ चा आकार बागेतल्या सी-सॉसारखा आहे. पहिल्या दोघांचं डायपोल मोमेंट शून्य, SF₄ चं मात्र ०.६३ डिबाय. संकरण लिहायचं झालं तर CF₄ ला sp³, SF₄ ला sp³d आणि XeF₄ ला sp³d². हा सगळा फरक कुठून येतो एवढं एकदा नीट कळलं, की आकारांचा तक्ता पाठ करावा लागत नाही, तो कागदावर काढता येतो. म्हणून आजची उजळणी या तिघांच्या आधाराने करू या.

बहुतेकांची गाडी अडते ती क्रमामुळे. CF₄ पाहिला, चार बंध मोजले, चार म्हणजे sp³, sp³ म्हणजे चतुष्फलक, असं उत्तर येतं आणि ते बरोबरही येतं. मग तीच सवय SF₄ ला लावली जाते आणि उत्तर चुकतं. इथे दोन चुका एकदम झाल्या आहेत. एक म्हणजे फक्त बंध मोजले, मधल्या अणूवर उरलेले इलेक्ट्रॉन मोजलेच नाहीत. दुसरी म्हणजे संकरण आधी ठरवलं आणि त्यातून आकार काढला. वाट उलटी आहे. लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये संकरणाची कल्पना मांडली, तेव्हा मिथेनचे चारही बंध सारखे आणि चतुष्फलकाच्या दिशेने असतात हे आधीच माहीत होतं. त्या माहीत असलेल्या आकाराशी कक्षक जुळवून घेण्यासाठी ही कल्पना होती. आकाराचा अंदाज बांधण्याची पद्धत वेगळीकडून आली. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये आकाराचा संबंध इलेक्ट्रॉन जोड्यांच्या संख्येशी जोडला, आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये जोड्यांच्या एकमेकींना ढकलण्याचा हिशेब त्यात घातला. वर्गात आपण ज्याला व्हीएसईपीआर म्हणतो तो सिद्धांत हाच. त्यामुळे क्रम असा धरायचा: आधी मोजणी, मग मांडणी, मग आकार, आकारानंतर संकरणाचं नाव, आणि सगळ्यात शेवटी ध्रुवीयता.

मोजणीपासून सुरू करू. मधला अणू कोणता हे आधी ठरवायचं. साधारणपणे ज्याची विद्युतऋणता सर्वांत कमी तो मधे बसतो. हायड्रोजन कधीच मधे बसत नाही, कारण तो एकच बंध करतो. आता मधल्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्या. हायड्रोजन किंवा हॅलोजनसारखा एकेरी बंधाचा जो प्रत्येक शेजारी अणू आहे, त्याचा एक इलेक्ट्रॉन त्यात मिळवा. आयन ऋणभारित असेल तर जितका भार तितके इलेक्ट्रॉन मिळवा, धनभारित असेल तर वजा करा. आलेल्या बेरजेची निम्मी करा. जी संख्या येते तिला पुस्तकात स्टेरिक नंबर म्हणतात. मी तिला ‘दिशा’ म्हणणार आहे, कारण मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांचे जितके गट वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसतात, तितकी ती संख्या असते. एका दिशेला एकेरी बंध असो, दुहेरी असो, नाहीतर नुसती एकाकी जोडी म्हणजे लोन पेअर असो, दिशा एकच मोजायची.

आपल्या तिघांना हे लावू. कार्बनचे ४ आणि फ्लोरीनचे ४, मिळून ८, निम्मे ४. चार दिशा, शेजारी अणू चार, एकाकी जोडी एकही नाही. गंधकाचे ६ आणि फ्लोरीनचे ४, मिळून १०, निम्मे ५. पाच दिशा, त्यातल्या चारांवर फ्लोरीन, एक एकाकी जोडी. झेनॉनचे ८ आणि फ्लोरीनचे ४, मिळून १२, निम्मे ६. सहा दिशा, चार फ्लोरीन, दोन एकाकी जोड्या. दिशांमधून शेजारी अणू वजा केले की एकाकी जोड्या मिळतात, त्या वेगळ्या लक्षात ठेवायला नकोत. तिघांमधला सगळा फरक इथेच उघड झाला. फ्लोरीन चारच आहेत, पण मधल्या अणूपाशी उरलेले इलेक्ट्रॉन शून्य, दोन आणि चार आहेत.

ऑक्सिजन आला की इथे घोळ होतो. SO₂ मध्ये ऑक्सिजनचा एकही इलेक्ट्रॉन मिळवायचा नाही. नुसते गंधकाचे ६, निम्मे ३. हा नियम म्हणून पाठ केला तर परीक्षेत उलटसुलट होतो, म्हणून कारण पाहा. S–F बंधात गंधक एक इलेक्ट्रॉन देतो, फ्लोरीन एक देतो, आणि दोघांचे मिळून दोन इलेक्ट्रॉन एक दिशा भरतात. S=O बंधात मात्र गंधकाचे स्वतःचेच दोन इलेक्ट्रॉन खर्च होतात, एक सिग्मा बंधात आणि एक पाय बंधात, आणि दिशा एकच भरते. म्हणजे ऑक्सिजनच्या प्रत्येक दिशेची दोन इलेक्ट्रॉनांची किंमत गंधकाच्याच खिशातून जाते. म्हणून निम्मे करताना ऑक्सिजनचं काही मिळवावं लागत नाही. हेच कारण तिहेरी बंधाला लावलं की ही पद्धत कुठे मोडते तेही कळतं. HCN मध्ये कार्बनचे ४, हायड्रोजनचा १, मिळून ५, निम्मे अडीच. हे उत्तर चूक आहे, कारण नायट्रोजनकडे जाणाऱ्या एका दिशेसाठी कार्बनचे तीन इलेक्ट्रॉन खर्च झाले आहेत. तिहेरी बंध असेल, किंवा एथीनसारखे मधले अणू एकापेक्षा जास्त असतील, तेव्हा सूत्र बाजूला ठेवा, लुईस रचना काढा आणि प्रत्येक मधल्या अणूभोवतीच्या दिशा बोट ठेवून मोजा. HCN मध्ये त्या दोन भरतात आणि रेणू रेषीय येतो.

अडीच येण्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो खरा आहे. NO₂ मध्ये नायट्रोजनचे ५, निम्मे अडीच. इथे नायट्रोजनवर खरोखरच एकटा इलेक्ट्रॉन उरतो, आणि तो अर्धी का होईना पण जागा अडवतो. म्हणून दिशा तीन धरायच्या. या रेणूच्या जोडीला त्याचे दोन आयन ठेवून पाहण्यासारखे आहेत. NO₂⁺ मध्ये एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणजे ४, निम्मे २. एकटा इलेक्ट्रॉनही गेला आणि कोन सरळ १८०°. NO₂ मध्ये एक इलेक्ट्रॉन आहे, कोन सुमारे १३४°. NO₂⁻ मध्ये एक मिळवला, ६ झाले, निम्मे ३, पूर्ण एकाकी जोडी बसली, आणि कोन सुमारे ११५° वर आला. मधल्या अणूवर काहीच नाही, मग एक इलेक्ट्रॉन, मग दोन: प्रत्येक पायरीला दोन ऑक्सिजन जवळ ढकलले जातात. जोड्या एकमेकींना ढकलतात हे वाक्य आकड्यांत पाहायचं असेल तर या तिघांसारखं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. भाराचं चिन्ह उलटं लावण्याची चूकही इथेच पकडता येते. NO₂⁺ साठी मोजणी करताना कोन ११५° च्या घरात आला, तर धनभार वजा करण्याऐवजी मिळवला गेला आहे.

आता मांडणी. दिशा जितक्या, तितक्या त्या एकमेकींपासून दूर पळतात. दोन दिशा समोरासमोर, १८०° वर. तीन दिशा एका पातळीत १२०° वर. चार दिशा चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे, १०९.५° वर. पाच दिशा त्रिकोणी द्विपिरॅमिडी, आणि सहा दिशा अष्टफलकीय, सगळीकडे ९०°. हे नुसतं वाचू नका. मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि त्यात टूथपिक टोचून एकेक मांडणी हाताने करा. चार काड्यांची मांडणी करताना बरेच जण आधी सपाट चौरस करतात, काड्या ९०° वर. मग एखादी वर उचलली, एखादी खाली दाबली की सगळ्यांनाच जास्त जागा मिळते आणि कोन १०९.५° होतो, हे बोटांना कळतं. वहीत सपाट काढलेल्या मिथेनमुळे जो गैरसमज बसतो, तो असा उठतो.

पाच काड्यांची मांडणी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करायची, कारण प्रश्न तिथेच येतात. दोन, तीन, चार आणि सहा दिशांच्या मांडणीत प्रत्येक जागा दुसरीसारखीच असते. पाचमध्ये तसं नाही. एक काडी सरळ वर, एक सरळ खाली, या दोन अक्षीय जागा. मधल्या पातळीत तीन काड्या १२०° वर, या विषुववृत्तीय जागा. आता प्रत्येक जागेचे शेजारी मोजा. वरच्या काडीला ९०° वर तीन शेजारी आहेत. मधल्या पातळीतल्या काडीला ९०° वर फक्त दोन शेजारी आहेत, वरचा आणि खालचा. उरलेले दोन १२०° वर, म्हणजे लांब आहेत. ९०° वरची ढकलाढकल सर्वांत जास्त भोवते, १२०° वरची त्यामानाने किरकोळ असते. PCl₅ मध्ये याचा परिणाम थेट मोजलेला आहे: तीन शेजाऱ्यांच्या दाटीत असलेले अक्षीय बंध २१४ पिकोमीटर लांब, तर विषुववृत्तीय बंध २०२.

SF₄ मध्ये एकाकी जोडीला यातली जागा निवडायची आहे. एकाकी जोडीला दुसऱ्या टोकाला धरणारं केंद्रक नसतं, त्यामुळे ती मधल्या अणूजवळ पसरून बसते आणि बंधातल्या जोडीपेक्षा जास्त जागा खाते. जिला जास्त जागा लागते ती कमी गर्दीच्या ठिकाणी जाणार, म्हणजे विषुववृत्तावर. तुमच्या कणकेच्या गोळ्यातली मधल्या पातळीतली एक काडी काढा आणि तिथे कणकेचा थोडा मोठा गोळा चिकटवा. आता मॉडेल आडवं करून ठेवा, म्हणजे वरखालची काडी आडवी होईल. ती आडवी काडी म्हणजे सी-सॉची फळी, आणि उरलेल्या दोन काड्या म्हणजे तिचे पाय. आकाराचं नाव सी-सॉ पडलं ते यामुळे. त्या मोठ्या गोळ्याने आजूबाजूच्या काड्यांना ढकललं की काय होईल तेही दिसतं. अक्षीय फ्लोरीन १८०° वर राहत नाहीत, १७३° च्या आसपास वाकतात. विषुववृत्तीय फ्लोरीन १२०° वरून १०२° च्या आसपास येतात. आणि अक्षीय S–F बंध सुमारे १६५ पिकोमीटर, विषुववृत्तीय सुमारे १५५. म्हणजे SF₄ मधले चारही बंध सारखे असतात हे वाक्य चूक आहे, आणि ते बरोबर-चूकच्या प्रश्नांत मुद्दाम घातलं जातं.

इथे दोन शब्द वेगळे ठेवा. पाच दिशांची मांडणी त्रिकोणी द्विपिरॅमिडी आहे, रेणूचा आकार सी-सॉ आहे. मांडणीत एकाकी जोड्या धरायच्या. आकाराचं नाव देताना फक्त अणू पाहायचे, जणू एकाकी जोड्या दिसतच नाहीत. प्रश्नात कुठला शब्द आला आहे हे वाचून मगच उत्तर लिहा.

पाच दिशांच्या याच घरात एकाकी जोड्या वाढवत जा. ClF₃ मध्ये ७ आणि ३ मिळून १०, निम्मे ५. दोन एकाकी जोड्या, दोन्ही विषुववृत्तावर. उरले दोन अक्षीय आणि एक विषुववृत्तीय फ्लोरीन, म्हणजे इंग्रजी T चा आकार, आणि त्या T चे हात किंचित झुकलेले, कोन ८७.५°. XeF₂ मध्ये ८ आणि २ मिळून १०, निम्मे ५. तीन एकाकी जोड्या विषुववृत्ताच्या तिन्ही जागा भरून टाकतात, दोन फ्लोरीन वर आणि खाली उरतात, आकार रेषीय. I₃⁻ आयनही अगदी तसाच: मधल्या आयोडीनचे ७, दोन शेजारी आयोडीनचे २, ऋणभाराचा १, मिळून १०. रेषीय दिसला की sp लिहायचं ही सवय इथे फसवते. XeF₂ आणि I₃⁻ रेषीय आहेत, पण पाच दिशांमुळे त्यांचं संकरण sp³d लिहायचं. आकारावरून संकरण ठरत नाही, दिशांच्या संख्येवरून ठरतं.

XeF₄ च्या सहा दिशांमध्ये पहिल्या एकाकी जोडीने कुठलीही जागा घेतली तरी फरक पडत नाही, सगळ्या सारख्याच आहेत. दुसरी मात्र पहिलीच्या बरोबर समोर जाते. शेजारी बसली असती तर दोन एकाकी जोड्या ९०° वर आल्या असत्या, आणि ती सर्वांत महागात पडणारी जवळीक. समोरासमोर बसल्यावर मधल्या पातळीत चार फ्लोरीन उरतात, चौरस, कोन ९०°. दोन्ही बाजूंनी सारखाच दाब असल्यामुळे ते वर किंवा खाली वाकत नाहीत. १९६२ मध्ये आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत झेनॉन आणि फ्लोरीन ४००° सेल्सिअसला तापवून हा पदार्थ मिळाला.

कोनांबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. CH₄ १०९.५°, NH₃ सुमारे १०७°, H₂O १०४.५°: तिघांच्या दिशा चारच, एकाकी जोड्या शून्य, एक, दोन, आणि कोन उतरत गेला. हे छान बसतं. पण हाच हिशेब H₂S ला लावून १०४° च्या आसपास लिहिलं तर चूक होईल. तिथे कोन ९२° आहे, आणि PH₃ मध्ये ९३.५°. गंधक आणि फॉस्फरस आकाराने मोठे आहेत, त्यांच्या बंधातल्या जोड्या मधल्या अणूपासून दूर असतात, म्हणून एकमेकींना फारसं ढकलत नाहीत. बंध जवळजवळ शुद्ध p कक्षकांनी होतात, जे मुळातच ९०° वर असतात, आणि एकाकी जोडी बरीचशी s कक्षकात राहते. म्हणून PH₃ चं संकरण विचारलं आणि पर्यायांत ‘संकरण जवळजवळ नाही’ असं असेल, तर sp³ वर खूण करू नका. तिसऱ्या आवर्तनातला किंवा त्याखालचा मधला अणू, त्याला जोडलेला हायड्रोजन आणि मधल्या अणूवर एकाकी जोडी, असं त्रिकूट दिसलं की थांबून विचार करायचा. आकाराचं नाव तरीही चुकत नाही: H₂S कोनीयच आहे, PH₃ पिरॅमिडीच आहे.

आता ध्रुवीयता. दोन समज आधी मोडून टाकू. बंध ध्रुवीय असले की रेणू ध्रुवीय, हा एक. एकाकी जोडी असली की रेणू ध्रुवीय, हा दुसरा. CF₄ पहिल्याला खोटं ठरवतो, XeF₄ आणि XeF₂ दुसऱ्याला. प्रत्येक बंधाची ध्रुवीयता एका बाणाने दाखवायची. खरा प्रश्न एवढाच, की सगळे बाण जोडल्यावर काही उरतं का.

चतुष्फलकात ते कसे कटतात हे अनेकांना पटत नाही, कारण समोरासमोर कुणीच नसतं. हिशेब करून पाहू. CCl₄ मधला एक बंध सरळ वर धरा. त्याचा बाण वरच्या दिशेने १ आहे असं माना. उरलेले तीन बंध त्याच्याशी १०९.५° चा कोन करतात, म्हणजे ते खाली झुकलेले आहेत, आणि सरळ खालच्या रेषेपासून प्रत्येकी ७०.५° वर आहेत. ७०.५° चा कोसाइन एक तृतीयांश. म्हणजे प्रत्येक बाणाचा सरळ खाली येणारा भाग १/३. तीन बाणांचे मिळून बरोबर १. वर १, खाली १, बाकी शून्य. बाजूला जाणारे भाग १२०° वर असल्यामुळे आपापसात कटतात. आता वरचा क्लोरीन काढून हायड्रोजन बसवा, म्हणजे CHCl₃. वरचा बाण आता तेवढा उरला नाही, खालचे तीन तसेच आहेत, तोल गेला, आणि मोमेंट १.०४ डिबाय. चारी शेजारी सारखे आहेत का हे पाहायला विसरल्यामुळे CHCl₃ ला ‘चतुष्फलक म्हणून अध्रुवीय’ लिहिलं जातं.

SF₄ मध्ये अक्षीय दोन बाण जवळजवळ समोरासमोर आहेत, त्यांचं बरंचसं कटतं. विषुववृत्तीय दोन बाण मात्र एकाच बाजूला, एकाकी जोडीच्या विरुद्ध दिशेला झुकलेले आहेत. तिथे त्यांना तोडीस तोड असा तिसरा बंध नाही, त्या जागी एकाकी जोडी आहे. म्हणून काही तरी उरतं, आणि रेणू ध्रुवीय. XeF₄ मध्ये चारही बाण दोन-दोन करून समोरासमोर, एकाकी जोड्याही समोरासमोर. काहीच उरत नाही.

एकाकी जोडीचा स्वतःचाही बाण असतो, आणि तो विसरला तर NH₃ आणि NF₃ चा प्रश्न सुटत नाही. दोघेही पिरॅमिडी, दोघांवर एक एकाकी जोडी. N–F मध्ये विद्युतऋणतेचा फरक ०.९४, N–H मध्ये ०.८४, म्हणजे NF₃ चं मोमेंट थोडं जास्तच असायला हवं असं वाटतं. प्रत्यक्षात NH₃ चं १.४७ डिबाय आणि NF₃ चं अवघं ०.२३. नायट्रोजन शेंड्याला, तीन शेजारी खाली आणि एकाकी जोडी वर, असं चित्र काढा. एकाकी जोडीचा बाण वर जातो. NH₃ मध्ये इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढले जातात, म्हणजे तिन्ही बंधांचे बाणही वरच. दोन्हींची बेरीज होते. NF₃ मध्ये इलेक्ट्रॉन फ्लोरीनकडे जातात, बंधांचे बाण खाली. एकाकी जोडीचा बाण वर. वजाबाकी होते आणि जेमतेम काही उरतं. बाण कुठल्या दिशेला काढायचा याचा संकेत पुस्तकागणिक बदलतो. मी इथे इलेक्ट्रॉन ज्या बाजूला जास्त त्या बाजूला टोक धरलं आहे. तुम्ही कोणताही धरा, पण एका चित्रात एकच.

उजळणीचा कागद करायचा तर शेजारी अणूंच्या संख्येने गट पाडून करा. दोन शेजारी असलेले एकत्र, तीन असलेले एकत्र, चार असलेले एकत्र. सूत्र सारखं असून आकार कसा बदलतो हे एका नजरेत येतं.

| रेणू | दिशा | एकाकी जोड्या | आकार | संकरण | ध्रुवीयता |
|---|---|---|---|---|---|
| CO₂ | २ | ० | रेषीय | sp | अध्रुवीय |
| SO₂ | ३ | १ | कोनीय | sp² | ध्रुवीय |
| H₂O | ४ | २ | कोनीय | sp³ | ध्रुवीय |
| XeF₂ | ५ | ३ | रेषीय | sp³d | अध्रुवीय |
| BF₃ | ३ | ० | समतल त्रिकोणी | sp² | अध्रुवीय |
| NH₃ | ४ | १ | त्रिकोणी पिरॅमिडी | sp³ | ध्रुवीय |
| ClF₃ | ५ | २ | T आकार | sp³d | ध्रुवीय |
| CF₄ | ४ | ० | चतुष्फलकीय | sp³ | अध्रुवीय |
| SF₄ | ५ | १ | सी-सॉ | sp³d | ध्रुवीय |
| XeF₄ | ६ | २ | समतल चौरस | sp³d² | अध्रुवीय |

हा तक्ता बघून उतरवू नका. डावीकडचा पहिला रकाना लिहा, पुस्तक मिटा आणि पुढचे रकाने मोजणी करून भरा. पडताळणीसाठी तिसरा रकाना लुईस रचना काढून वेगळा मोजा: दुसऱ्या रकान्यातून तो वजा केला की शेजारी अणूंची संख्या यायलाच हवी. नाही आली, तर मोजणीत ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन घुसले आहेत किंवा भाराचं चिन्ह उलटं झालं आहे.

sp³d आणि sp³d² या नावांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अभ्यासक्रमात ती आहेत आणि उत्तरपत्रिकेत तीच लिहायची. पण SF₄ किंवा XeF₄ मध्ये d कक्षकांचा वाटा फारच थोडा असतो, असं गेल्या अनेक दशकांच्या गणनांतून दिसलं आहे. समोरासमोरचे दोन फ्लोरीन आणि मधला अणू मिळून चार इलेक्ट्रॉनांचा एक सामाईक बंध करतात, हे चित्र जास्त बरोबर मानलं जातं. SF₄ चे अक्षीय बंध लांब असण्याशी हे चित्र जुळतं, कारण त्या दोन बंधांच्या वाट्याला मिळून बंध घट्ट करणारी एकच जोडी येते. दिशा मोजण्याला आणि आकाराला याने काहीच बाधा येत नाही. म्हणूनच संकरण आकाराच्या नंतर लिहायचं, त्याच्यावर आकार उभा करायचा नाही. आणखी एक मर्यादा: ही मोजणी संक्रमण धातूंच्या संयुगांना लावू नका. [NiCl₄]²⁻ चतुष्फलकीय आणि [Ni(CN)₄]²⁻ समतल चौरस, हा फरक या पद्धतीने निघत नाही. त्यासाठी कोऑर्डिनेशन संयुगांचा धडा आहे.

शेवटी एक रेणू पहिल्यापासून शेवटपर्यंत करू: XeOF₄. मधे झेनॉन. त्याचे ८, चार फ्लोरीनचे ४, ऑक्सिजनचं काही नाही. १२, निम्मे ६. सहा दिशा, शेजारी अणू पाच, एकाकी जोडी एक. मांडणी अष्टफलकीय. आता ऑक्सिजन कुठे? एकाकी जोडी आणि दुहेरी बंध, दोघांनाही जास्त जागा लागते, म्हणून ते एकमेकांसमोर जातात. एकाकी जोडी खाली, ऑक्सिजन वर, चार फ्लोरीन मधल्या चौरसात. आकार चौरस पिरॅमिडी, शेंड्याला ऑक्सिजन. फ्लोरीन वर झुकतील की खाली? एकाकी जोडी खालून वर ढकलते आणि दुहेरी बंध वरून खाली. दोन्ही जोर जवळपास सारखे ठरतात, आणि O–Xe–F कोन ९०° च्या अगदी जवळ राहतो. BrF₅ मध्येही सहा दिशा आणि एक एकाकी जोडी आहे, पण शेंड्याला एकेरी बंधाचा फ्लोरीन. तिथे एकाकी जोडीला तोडीस तोड कुणी नाही, आणि चौरसातले फ्लोरीन शेंड्याकडे झुकून कोन सुमारे ८५° होतो. संकरण sp³d². चौरसातले चार Xe–F बाण आपापसात कटतात, पण वर Xe=O चा बाण आणि खाली एकाकी जोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींना पुरत्या कटत नाहीत. XeOF₄ ध्रुवीय.